परत फिरलेल्या चेंडूचा हिशेब

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ हे प्रकरण आले की सरावाच्या कागदावर एक उदाहरण हमखास असते. 160 ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला 30 मीटर वेगाने फलंदाजाकडे येतो. फलंदाज तो सरळ गोलंदाजाच्या दिशेने, सेकंदाला 40 मीटर वेगाने परत मारतो. बॅट आणि चेंडू एकमेकांना साधारण एक सहस्रांश सेकंद चिकटून असतात. चेंडूवर सरासरी किती बल लागले?

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे सगळ्यांना पाठ असते. म्हणून बरीच मुले 40 मधून 30 वजा करतात, उरलेल्या 10 ला 0.16 ने गुणतात आणि संवेगातला बदल 1.6 लिहून मोकळी होतात. गुणाकार बरोबर, सूत्र बरोबर, पण उत्तर साफ चुकलेले.

ही चूक पकडण्याची एक सोपी युक्ती आहे. त्याच उदाहरणात आकडे बदलून चेंडू 30 ने आला आणि 30 नेच परत गेला असे धरायचे. त्याच रीतीने वजाबाकी केली तर बदल शून्य, म्हणजे बलही शून्य. बॅटने काहीच बल न लावता चेंडू आल्या वाटेने परत फिरला, असा याचा अर्थ झाला! इथे कुणालाही शंका येतेच, आणि ती यायलाच हवी.

घोटाळा दिशेचा आहे. चाल नुसता आकडा असते. वेगाला मात्र दिशा असते, आणि म्हणून संवेगालाही. फलंदाजाकडे जाणारी दिशा अधिक मानली तर परत जाणाऱ्या चेंडूचा वेग वजा 40 होतो. आता बदल काढायचा तर शेवटच्या वेगातून सुरुवातीचा वजा करायचा: वजा 40 मधून 30 गेले, उरले वजा 70. चिन्हांचा गोंधळ होत असेल तर तीच गोष्ट दोन टप्प्यांत पाहावी. बॅटला आधी चेंडू थांबवावा लागतो; त्यासाठी 30 चा वेग मोडायचा. मग थांबलेल्या चेंडूला उलट दिशेने 40 चा वेग द्यायचा. दोन्ही कामे बॅटचीच, म्हणून त्यांची बेरीज. 70 ला 0.16 ने गुणले की संवेगातला बदल 11.2 किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद येतो, म्हणजे चुकीच्या उत्तराच्या सातपट.

न्यूटनचा दुसरा नियम या बदलाला लागलेल्या वेळाने भागायला सांगतो. 11.2 भागिले 0.001, म्हणजे 11,200 न्यूटन. चेंडूचे स्वतःचे वजन जेमतेम 1.6 न्यूटन असते, म्हणूनच त्या क्षणापुरते गुरुत्वाकर्षण हिशेबात धरले नाही तरी चालते.

त्वरण काढले तर आकडा आणखी अचाट दिसतो: 70,000 मीटर प्रति सेकंद वर्ग. तो पाहून मुले घाबरून मागचे गणित खोडतात. खोडू नये. त्वरण म्हणजे वेग नव्हे, वेग बदलण्याचा दर. तो एवढा प्रचंड असला तरी टिकतो सहस्रांश सेकंदच, आणि तेवढ्यात वेग बदलतो तो 70 नेच. शिवाय 11,200 न्यूटन ही सरासरी आहे. प्रत्यक्षात बल शून्यापासून चढत जाते, मधल्या क्षणी सरासरीच्या बरेच वर पोहोचते आणि पुन्हा शून्यावर येते.

याच कागदावरचा जोडप्रश्न झेलाचा असतो: क्षेत्ररक्षक हात मागे का नेतो? वेळ वाढतो म्हणून बल कमी होते, हे उत्तर बरोबरच आहे. पण कागदावर तो वेळ कधीकधी 0.1 सेकंद दिलेला असतो, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. 30 च्या वेगाने आलेला चेंडू एकसारखा मंदावत थांबला तर वाटेतला सरासरी वेग 15. त्या वेगाने 0.1 सेकंदात चेंडू दीड मीटर पुढे जाईल. एवढे मागे कुणाचे हात जातात?

त्यापेक्षा अंतरापासून सुरुवात करावी. हात 45 सेंटिमीटर मागे गेले तर वेळ 0.03 सेकंद येतो. मोडायचा संवेग 4.8, म्हणून बल 160 न्यूटन. हात ताठ ठेवले आणि चेंडू तळव्यात तीनच सेंटिमीटर दबून थांबला, तर वेळ 0.002 सेकंदावर येतो आणि बल 2,400 न्यूटनवर जाते. दोन्ही वेळा चेंडू तोच, त्याचा संवेगही तेवढाच. फक्त थांबायला मिळालेले अंतर पंधरापट कमी, म्हणून हाताला बसणारा मारही पंधरापट जास्त.