पैसे येईपर्यंत माल किती वेळ राखायचा?

ऑनलाइन दुकानात ग्राहकाने ऑर्डर नोंदवली की लगेच पैसे मिळाले असे होत नाही. तो यूपीआयच्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, बँक होकार देते आणि मग पेमेंट गेटवे दुकानाला निरोप धाडतो. एवढ्या वेळात ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ अवस्थेत असते आणि तिच्यातला माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. पैसे आलेच नाहीत तर हा माल पुन्हा मोकळा कधी करायचा, हे दुकान चालवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवावे लागते.

छोट्या दुकानांमध्ये बऱ्याच ठिकाणी वापरले जाणारे वूकॉमर्स हे सॉफ्टवेअर यासाठी Hold stock (minutes) नावाची सेटिंग देते. तिथे मुळात ६० मिनिटे भरलेली असतात आणि बहुतेक दुकानदार त्या आकड्याला हातही लावत नाहीत. पेमेंट बाकी असताना साठ्याचा मूळ आकडा कमी होत नाही. कोणत्या ऑर्डरसाठी कोणती वस्तू, किती नग आणि कधीपर्यंत राखली आहे, याची नोंद एका वेगळ्या तक्त्यात होते. नव्या ग्राहकाला किती नग विकता येतील हे ठरवताना साठ्यातून या चालू नोंदी वजा केल्या जातात. पैसे जमा झाले की मगच खरा साठा घटतो.

यात दोन घड्याळे चालतात, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. राखणीची मुदत मिनिटाच्या हिशोबाने संपते. ऑर्डर रद्द करण्याचे काम मात्र अधूनमधून चालणारी एक वेगळी फेरी करते. वर्डप्रेसमध्ये अशी वेळापत्रकाची कामे एरवी संकेतस्थळावर कोणी फिरकले तरच सुरू होतात, त्यामुळे वर्दळ नसलेल्या दुकानात रद्द होण्याला आणखी उशीर होतो. तेवढा वेळ ऑर्डर जिवंत दिसते, पण तिच्या नावावर माल उरलेला नसतो.

यातून गोंधळ कसा होतो ते पाहू. समजा, येवल्याच्या एका पैठणीचा एकच नग शिल्लक आहे. रात्री ८ वाजता एका ग्राहकाने ती मागवली. खात्यातून पैसे वजा झाले, पण बँकेकडून होकार गेटवेपर्यंत पोचला नाही. ९ वाजता राखणी संपली. ९ वाजून ५ मिनिटांनी दुसऱ्याने तीच पैठणी घेतली, पैसेही भरले आणि साठा शून्यावर आला. ९:२० ला पहिल्या व्यवहाराचा उशिरा आलेला निरोप दुकानात पोचला. दरम्यान ती ऑर्डर रद्द झालेली असली, तरी पैसे आल्याचे कळताच वूकॉमर्स तिला पुन्हा उभी करते आणि साठा उणे १ होतो. एका पैठणीचे आता दोन मालक आहेत. ऑर्डरच्या टिपणांत Unpaid order cancelled - time limit reached. या ओळीनंतर पैसे आल्याची नोंद दिसली, तर हाच प्रकार घडला असे समजावे.

मुदत वाढवून हा प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो, कारण निरोप दोन तासांनीही येऊ शकतो. खरा उपाय क्रमात आहे: आधी पैसे भरण्याची वाट बंद करायची आणि मगच माल सोडायचा. गेटवेवर पेमेंटची मुदत १५ मिनिटे ठेवली, तर राखणी २० मिनिटांची असावी. ती संपताना गेटवेला व्यवहाराची स्थिती विचारावी. उत्तर ‘अयशस्वी’ असेल तर माल मोकळा करावा, ‘प्रक्रियेत’ असेल तर आणखी थोडे थांबावे. इतके करूनही उशिराचे पैसे आलेच, तर साठा पुन्हा तपासावा. माल असेल तर पाठवावा, नसेल तर ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता परतावा सुरू करावा. दुकानापर्यंत पुष्टी न पोचलेल्या यूपीआय व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत व्हावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे आणि त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पण दुकानाला पुष्टी मिळाली असेल, तर परताव्याची जबाबदारी दुकानाचीच.

एकेकच नग असलेल्या वस्तूला तासभराची राखणी फार होते. घ्यायचे की नाही याच विचारात असलेला ग्राहक ती अडवून बसतो आणि पैसे हातात घेऊन आलेला परत जातो. साबणासारख्या भरपूर साठ्याच्या मालाला मात्र तास-दोन तासांनी काही बिघडत नाही.

थेट बँकेत पैसे भरण्याच्या ऑर्डरचा हिशोब निराळा आहे. वूकॉमर्स त्यांना On hold अवस्थेत टाकते, त्यांचा साठा तिथेच वजा करते आणि त्या आपोआप रद्द करत नाही. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, त्यामुळे दोन दिवसांची मुदत पुरेशी ठरते. ती मुदत ऑर्डरच्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहावी आणि संपल्यावर खात्याचे विवरण पाहून ऑर्डर हाताने रद्द करावी. नाहीतर जुन्या, विसरलेल्या ऑर्डरींच्या नावाखाली माल कपाटात पडून राहतो आणि दुकानाच्या पानावर ‘शिल्लक नाही’ दिसत राहते.