आधी तू, मग बाळ

पाळी चुकून आठवडा झालेला असतो. घरी केलेल्या चाचणीत पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि पती नोकरीच्या गावी असेल, तर ही गोड बातमी त्याला फोनवरच कळते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर पत्नीला काय लिहाल?

पुष्कळ पती अशा वेळी बाळालाच उद्देशून लिहितात. परंतु त्या दिवशी बाळ जेमतेम तिळाएवढे असते. मळमळ, थकवा, हुरहूर हे सारे सोसायचे असते ते पत्नीला. म्हणून संदेश तिच्यासाठी असावा. उदाहरणादाखल, पनवेलला नोकरी करणाऱ्या पतीने वाईला सासरी राहणाऱ्या पत्नीला असे लिहावे:

‘अगं, तुझा फोन झाल्यावर बराच वेळ खिडकीशी नुसता उभा होतो. फार आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. दोन्ही तुलाच सांगतो. तुला कसं वाटतंय, ते मोकळेपणानं कळव. आता तू दोन जिवांची आहेस, पण माझ्यासाठी आधी तूच आहेस. फोडणीचा वास सोसवेनासा झाला, तर ओट्यापाशी उभी राहू नकोस. तू हो म्हणालीस, की आईशी मी बोलेन. शनिवारी येतो. सोमवारची रजा टाकली आहे. डॉक्टरांकडे दोघं जाऊ. मुलगा की मुलगी, हा प्रश्न माझ्या मनात नाही. पुढे काहीही झालं, तरी मी तुझ्याजवळ आहे.’

यातील फोडणीचा उल्लेख सहज आलेला नाही. मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, वासाने वाढते आणि पुष्कळ जणींना तिसरा महिना सरल्यावर उतार पडतो. उठण्यापूर्वी दोन घास कुरमुरे किंवा कोरडा टोस्ट आणि दिवसभर थोडेथोडे खाणे, याने बरे वाटते. मात्र पाणीही पोटात ठरेनासे झाले किंवा लघवी अगदी कमी व गडद होऊ लागली, तर तो साधा त्रास मानू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

सोमवारच्या भेटीचे वचन देताना तारखांचा हिशेब ठाऊक असावा. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ती पाळी ३ जूनला आली असेल, तर ८ जुलैला पाच आठवडे पूर्ण होतात. नऊ महिने आणि सात दिवस मिळवले, की प्रसूतीची अंदाजे तारीख १० मार्च येते. पाळी नियमित नसेल, तर हा अंदाज चुकतो. पहिल्या भेटीत रक्तदाब पाहतात, रक्त-लघवी तपासतात आणि रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून चालू नसेल, तर सुरू करतात. ‘सोमवारी ठोके ऐकू’ असे मात्र लिहू नका. पाचव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके बहुधा दिसत नाहीत आणि अपेक्षा ठेवून गेलेली स्त्री विनाकारण घाबरून परतते.

संदेशातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. दिवस गेल्याचे कळल्यानंतरही दहांपैकी एक ते दोन गर्भ टिकत नाहीत आणि त्यांतील बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच जातात. त्याचे कारण बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. जिना चढणे किंवा नेहमीची कामे हे नव्हे. ‘धावपळ करू नकोस, बाळाला काही होता कामा नये’ हे वाक्य प्रेमापोटीच लिहिलेले असते. पण दुर्दैवाने गर्भ टिकला नाही, तर ते तिच्या फोनमध्ये आरोपासारखे उरते. तेव्हाही तिला वाचून आधार वाटेल, असेच आज लिहावे. रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र वेदना किंवा भोवळ यांपैकी काही जाणवले, तर ‘शनिवारी पाहू’ म्हणून थांबू नका. घरातल्या कोणासोबत तरी तिला लगेच रुग्णालयात जाऊ द्या.

याच कारणासाठी ही बातमी तिला विचारल्याशिवाय नातेवाइकांच्या गटावर टाकू नये. तीन महिने कोणाला सांगू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. ती पाळायची की नाही, हे तिने ठरवावे. मात्र निदान एका जवळच्या स्त्रीला, आईला किंवा बहिणीला, माहीत असलेले बरे. कारण पती दूर असताना मध्यरात्री हाक मारायला कोणीतरी हवे.

संदेश पाठवून झाला, की रजेचा अर्ज खरोखरच द्या.