माल कोणाचा, जोखीम कोणाची?

जपानमधल्या तोयामा प्रांतातले औषधविक्रेते सतराव्या शतकापासून एका विलक्षण रीतीने व्यापार करत आले. विक्रेता घरोघरी औषधांची पेटी ठेवून जाई, पण पैसे घेत नसे. पुढच्या फेरीला तो पेटी उघडून मोजणी करी, वापरलेल्या औषधांचे तेवढे पैसे घेई, जुनी झालेली औषधे काढून नवी भरी आणि सगळे वहीत टिपून ठेवी.

या रीतीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पेटीत काय आणि किती ठेवायचे हे विक्रेता ठरवतो, ही पहिली. वापर होईपर्यंत औषध विक्रेत्याचेच असते, ही दुसरी. आजच्या कारखानदारीत पहिलीला ‘व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी’ म्हणतात आणि दुसरीला ‘कन्साइनमेंट स्टॉक’. बोलण्यात या दोन्हींची सर्रास गल्लत होते. पुरवठादाराने साठा सांभाळला म्हणजे तो त्याच्याच मालकीचा राहिला, असे होत नाही. माल फाटकातून आत येताच विकला गेला आणि तरीही पुढची भरती पुरवठादारच ठरवतो, असेही करार असतात. आपल्या सराफ-कापडवाल्यांना यातली मालकीची बाजू ‘जांगड’ या शब्दाने चांगली ठाऊक आहे: माल दुसऱ्याच्या हाती दिला, पण विकला नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. भोसरीचा एक लघुउद्योजक चाकणच्या एका कारखान्याला बेअरिंग पुरवतो. कारखान्याच्या गोदामात त्याचे वेगळे कपाट आहे. त्यात दोनशेपेक्षा कमी आणि सहाशेपेक्षा जास्त नग राहू नयेत, असे ठरले आहे. कपाटातून नग काढला की चिठ्ठी बनते आणि त्या चिठ्ठ्यांवरून महिनाअखेरीस बिल होते. महिन्याच्या आरंभी 500 नग होते, वेळोवेळी मिळून 700 आले आणि चिठ्ठ्या 760 नगांच्या झाल्या. कपाटात 440 हवेत. मोजले तर 410 भरले. नगाला 800 रुपये धरले तर 24,000 रुपयांचा माल गेला कुठे?

कारखाना म्हणतो, माल तुमचा, तूट तुमची. पुरवठादार म्हणतो, किल्ली तुमच्याकडे होती. 1872च्या भारतीय करार कायद्यानुसार दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने स्वतःच्या मालाची सामान्य शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. ती घेतली असेल, तर एरवी नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. म्हणून जाणकार पुरवठादार करारात एक ओळ घालून घेतो: मोजणीत जे सापडणार नाही, ते वापरले असे धरून बिल होईल.

आता समजा, गोदामाला आग लागली. 1930च्या मालविक्री कायद्याच्या कलम 26चे सूत्र असे की, वेगळे ठरले नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. कारखान्याचा दोष नसेल, तर 410 नग पुरवठादाराचे जळाले. कारखान्याचा आगीचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचा सांभाळायला ठेवलेला माल त्या विम्यात स्पष्टपणे नोंदलेला असावा लागतो.

तिसरा प्रसंग सर्वांत कठीण: कारखानाच दिवाळखोरीत गेला. 2016च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 18प्रमाणे, केवळ सांभाळण्यासाठी ताब्यात असलेला दुसऱ्याचा माल कर्जदाराच्या मालमत्तेत धरला जात नाही. म्हणजे 410 नग परत मागता येतात. मात्र ते आपलेच आहेत हे दाखवता आले पाहिजे. वेगळे कपाट, त्यावरची पाटी, दोघांच्या सह्यांची मोजणी यांचे मोल तेव्हा कळते. सगळ्यांचा माल एकाच खोक्यात मिसळला असेल, तर कागदावरची मालकी दाखवणार कशावर? आणि वापरलेल्या 760 नगांचे काय? नग कपाटातून काढून यंत्रात बसवला, तेव्हाच तो कारखान्याचा झाला. त्याच्या 6,08,000 रुपयांसाठी पुरवठादार इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. मालकी फक्त कपाटातल्या मालाचे रक्षण करते, उधारीचे नाही. म्हणून चिठ्ठी आणि बिल यांतले अंतर महिन्याऐवजी आठवड्याचे करणे, हा पुरवठादाराचा खरा बचाव आहे.

उरला पडून राहिलेला माल. कारखान्याने गाडीचे मॉडेल बंद केले आणि ते बेअरिंग दुसरीकडे कुठेच बसत नसेल, तर 410 नग भंगाराच्या भावाचे होतात. भरती पुरवठादाराने ठरवली हे खरे, पण कारखान्याने कळवलेल्या गरजेवरूनच. तोयामाचा विक्रेता जुने औषध निमूट परत नेई, कारण पुढच्या घरात तसलेच औषध खपत होते. भोसरीच्या उद्योजकाला पुढचे घर नाही. त्याने करारात मुदत घालून घ्यावी: अमुक दिवस कपाटात राहिलेला नग विकला गेला असे धरले जाईल. ही ओळ नसेल, तर कारखान्याच्या अंदाजाची चूक पुरवठादाराच्या भांडवलातून भरली जाते.