बाळंतपणाच्या रजेवरून परतणारीला काय द्यावं?

ऑफिसात वर्गणी निघते आणि सात-आठ जणांचे पैसे जमले की झबली-टोपडी, नाहीतर चांदीचा वाळा येतो. या वस्तू बाळाला बारशातच भरपूर मिळालेल्या असतात. पुन्हा कामावर येणार आहे ती आई, म्हणून वर्गणी तिच्या कामावरच्या दिवसासाठी खर्च व्हावी असं मला मनापासून वाटतं.

कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच संपतात. त्यामुळे ती हजर होते तेव्हा बाळ बऱ्याचदा पाच-सहा महिन्यांचं असतं आणि मुख्यतः अंगावरच्या दुधावर असतं.

समजा, ती कल्याणहून फोर्टला येते. सकाळी साडेसातला बाळाला पाजून निघते आणि संध्याकाळी सव्वासातला घरी पोचते. मधल्या जवळपास बारा तासांत दूध काढलं नाही, तर छाती दगडासारखी घट्ट होते, ब्लाउज ओला होतो. हे रोज होत राहिलं तर दूध हळूहळू कमी होतं. साचलेल्या दुधामुळे गाठ येऊन एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला, अंगात ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं लागतं. म्हणून साधारण तीन तासांनी दूध काढायचं. तिच्या दिवसात त्या वेळा अकरा, अडीच आणि निघण्यापूर्वी सव्वापाच अशा पडतात.

या दिवसाला उपयोगी पडेल अशी भेट म्हणजे गारवा टिकवणारी छोटी पिशवी आणि गोठवायच्या आइस पॅकचे दोन संच. पिशवी घेताना दुधाच्या बाटल्या तिच्यात उभ्या बसतात का आणि चेन पूर्ण लागते का, एवढं दुकानातच बघून घ्यावं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नये. फ्रिजमध्ये ते चार दिवस राहतं, आणि गोठलेल्या पॅकसह बंद पिशवीत चोवीस तासांपर्यंत चालतं. सकाळी घरून आणलेला पॅक संध्याकाळपर्यंत वितळून जातो, म्हणून दुसरा संच ऑफिसच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवू नयेत, कारण दार उघडलं की तिथला गारवा आधी जातो. त्या आत मागच्या बाजूला, बंद डब्यात, वर नाव आणि वेळ लिहून ठेवाव्यात. नाव नसलेली बाटली शुक्रवारी फ्रिज साफ करताना कोणीतरी टाकून देतं.

दूध काढायचा पंप मात्र परस्पर विकत घेऊ नये. त्याचा कप प्रत्येकीच्या मापाचा लागतो. माप चुकलं तर दुखतं आणि दूधही नीट निघत नाही. शिवाय काहीजणी हातानेच काढतात. काही बाळं वरच्या दुधावर असतात, तेव्हा या भेटीला अर्थच उरत नाही. म्हणून तिच्या जवळच्या मैत्रिणीने आधी फोन करून सरळ विचारावं, “अगं, ऑफिसात दूध काढायची सोय लागेल का तुला?” नको म्हणाली तर विषय तिथेच संपवावा. पहिल्या आठवड्याचे जेवणाचे डबे आळीपाळीने आणणं, हीही भेट चांगली आहे.

पिशवीपेक्षा अवघड गोष्ट जागेची आहे. कितीतरी ठिकाणी बाईला संडासात उभं राहून दूध काढावं लागतं. बाळाच्या तोंडी जाणारं अन्न तिथे काढायला लावणं मला सहन होत नाही. आतून कडी लागणारी खोली, खुर्ची, छोटं टेबल, विजेचा प्लग आणि जवळपास हात धुवायला पाणी, एवढं पुरतं. रेकॉर्ड रूमही चालते, फक्त त्या वेळेपुरती तिथे कोणाची ये-जा नको.

मग वेळेचा प्रश्न येतो. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला दोन स्तनपानाच्या सुट्ट्या ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आली आहे. कल्याणच्या बाईला मात्र तीन वेळा उठावं लागतं. ती तिसरी वीस मिनिटं सहकाऱ्यांनीच द्यायची असतात. सव्वापाचला तिचा काउंटर किंवा फोन कोण बघणार, हे नावानिशी ठरवून साहेबांच्या कानावर घालावं. तिला रोज उठून परवानगी मागायला लागली, तर ती चार दिवसांत मागणं सोडून देते.

केक सगळ्यांसमोर कापावा, पण पिशवी चारचौघांत उघडायला लावू नये. ती हजर होण्याच्या आठवडाभर आधी घरी पोचती करावी. म्हणजे तिला घरीच दूध काढून, साठवून बघता येतं. बाळाला सांभाळणाऱ्या आजीलाही वाटी-चमच्याने ते पाजायचा सराव होतो. दूध गॅसवर उकळायचं नाही, कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करायचं, हेही तिला तेव्हाच दाखवता येतं.