बाहेरच्या गिलाव्याची परांची: किती पाइप, किती क्लॅम्प?

दुमजली घराच्या बाहेरून गिलावा करायचा म्हटलं की परांचीचं सामान भाड्यानं आणावं लागतं. त्याचं भाडं नगावर आणि दिवसांवर ठरतं, म्हणून हिशेब आधीच केलेला बरा. तीस फूट लांब आणि पॅरापेटसकट पंचवीस फूट उंच अशी एक भिंत घेऊ.

परांची दुहेरी हवी, म्हणजे उभ्या पाइपांच्या दोन ओळी. एकेरी परांचीत आडव्या पाइपांचं एक टोक भिंतीतल्या भोकात टेकवतात. ती भोकं शेवटी बुजवावी लागतात आणि नीट बुजली नाहीत तर पावसाळ्यात ओल तिथूनच आत शिरते. दुहेरी परांची स्वतःच्या पायावर उभी राहते. आतली ओळ भिंतीपासून फूटभर दूर ठेवावी, म्हणजे गवंड्याला ओळंबा सोडता येतो आणि पट्टी फिरवता येते. बाहेरची ओळ त्यापुढे साडेतीन फुटांवर.

भिंतीच्या दोन्ही टोकांना सहा-सहा इंच सोडून प्रत्येक ओळीत सहा उभे पाइप लावले, तर दोन पाइपांमध्ये पावणेसहा फुटांच्या आसपास अंतर पडतं. दोन ओळींचे मिळून बारा. प्रत्येकाला एक वीस फुटी आणि एक दहा फुटी पाइप जोडायचा. निम्म्या ठिकाणी वीस फुटी खाली आणि निम्म्या ठिकाणी दहा फुटी खाली ठेवायचा. सगळे जोड एकाच उंचीवर आले, तर परांची तिथेच कमकुवत होते.

गवंडी उभ्यानं आरामात काम करतो ती उंची साधारण साडेसहा फूट. म्हणून माचे साडेसहा, तेरा आणि साडेएकोणीस फुटांवर येतात. या तीन उंचींवर आणि जमिनीलगत एक, अशा चार ठिकाणी दोन्ही ओळींना भिंतीच्या लांबीचे आडवे पाइप लागतात. त्या आठ रांगा झाल्या. कठड्याच्या दोन धरून दहा, आणि प्रत्येक रांगेला एक वीस आणि एक दहा फुटी. गिलावा वरून खाली येतो, त्यामुळे कठडा आणि फळ्या एकाच माच्यापुरत्या घेऊन कामाबरोबर खाली उतरवता येतात.

दोन ओळींना जोडणारे पाच फुटी तुकडे उभ्या जोड्यांपाशी चोवीस लागतात. फळी मधे वाकू नये म्हणून चालू माच्याच्या प्रत्येक गाळ्यात मधोमध आणखी एक, म्हणजे पाच. बाहेरच्या बाजूला दोन्ही टोकांशी तिरके पाइप फुलीसारखे बांधायचे, ते वीस फुटी चार. शिवाय परांची बाहेर कलू नये म्हणून वरच्या मजल्याच्या दोन खिडक्यांतून एकेक दहा फुटी पाइप आत घेऊन, आतून खिडकीपेक्षा लांब तुकडा आडवा घालून अडकवायचा. हा आधार काम संपेपर्यंत सोडायचा नाही, म्हणून त्या खिडक्यांच्या चौकटी तोवर बसवू नयेत.

बेरीज अशी: वीस फुटी 26, दहा फुटी 24, पाच फुटी 31.

आता क्लॅम्प. दोन पाइप काटकोनात येतात तिथे फिक्स क्लॅम्प लागतो. लांब आडव्या रांगांना 48, कठड्याला 12, तुकड्यांच्या दोन्ही टोकांना 58 आणि खिडक्यांपाशी 6, असे 124. तिरक्या पाइपांना मात्र स्विव्हल क्लॅम्प, प्रत्येकी तीन, म्हणजे 12. स्विव्हल कोणत्याही कोनात बसतो, म्हणून फिक्स कमी पडले की तो माच्याखालीही वापरला जातो. हे होऊ देऊ नये. त्याचे दोन भाग एका खिळीवर फिरतात, त्यामुळे भार घेणारा कोन तो पक्का धरत नाही. पाइपांच्या जोडांसाठी 22 जॉइंटर आणि तळाला 12 बेस प्लेट. आटे गेलेले क्लॅम्प निघतातच, म्हणून फिक्स 135 आणि स्विव्हल 15 मागवावेत.

सामान उतरवतानाच प्रत्येक नट हातानं फिरवून पाहावा. आट्यांवर सिमेंट साचलेलं असेल तर तो पाना लावूनही पुरता आवळत नाही. वाकलेले किंवा टोकाशी चेपलेले पाइप परत पाठवावेत. परांची उभी झाल्यावर माच्याखालच्या क्लॅम्पांलगत खडूनं रेघ मारून ठेवावी. पहिल्या दिवसाच्या मालानंतर क्लॅम्प रेघेखाली गेलेला दिसला, तर तो सरकतो आहे. माचा रिकामा करून तो बदलावा.

सर्वांत जास्त दगा जमीन देते. नव्या घराच्या भिंतीलगत पायाचा खड्डा नुकताच भरलेला असतो आणि आतली ओळ नेमकी त्या भरावावर येते. तिथे माती चोपून, बेस प्लेटखाली दोन-तीन पाइपांना मिळून एक अशा जाड लांब फळ्या टाकाव्यात. भिंतीवर पाणी मारायला लागल्यावर ते पाणी याच भरावात मुरतं, म्हणून रोज सकाळी माच्यावर चढण्याआधी आतल्या पाइपांना ओळंबा लावून पाहावा.