खटला कोर्टात, आकडा टिपांत

एखाद्या कंपनीवर शेकडो कोटींचा दावा चालू असतो आणि तरीही तिच्या ताळेबंदात त्याचा एक रुपयाही दिसत नाही. यात दरवेळी लपवाछपवी असतेच असे नाही. हिशेबाचा नियमच तसा आहे.

भारतातल्या मोठ्या कंपन्यांना लागू असलेले इंड एएस ३७ हे मानक प्रलंबित खटल्याबाबत आधी शक्यता तपासायला सांगते. घडून गेलेल्या घटनेमुळे पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्याहून जास्त असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज करता येत असेल, तर तरतूद करावीच लागते. ती रक्कम नफ्यातून वजा होते आणि ताळेबंदात देणे म्हणून दिसते. मात्र तरतूद केली म्हणजे तेवढे पैसे बाजूला काढून ठेवले असे नव्हे. शक्यता त्याहून कमी असेल, तर दाव्याचा उल्लेख संभाव्य देणे म्हणून फक्त टिपांमध्ये येतो आणि नफ्याला धक्का लागत नाही. शक्यता अगदीच नगण्य असेल, तर टीपही लागत नाही.

ही रेषा ओलांडली की काय होते, ते दूरसंचार कंपन्यांच्या खटल्यात दिसले. परवाना शुल्क महसुलाच्या टक्केवारीने द्यायचे होते; पण व्याज, लाभांश, भाडे असे उत्पन्न त्या महसुलात धरायचे की नाही, यावर सरकारशी वर्षानुवर्षे वाद चालला. २०१५ मध्ये दूरसंचार लवादाचा निकाल बऱ्याच अंशी कंपन्यांच्या बाजूने लागला. त्यामुळे वादातली बरीच रक्कम टिपांमध्येच राहिली.

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या उचलून धरली. तिमाही ३० सप्टेंबरलाच संपली होती, पण निकालपत्रके अजून मंजूर व्हायची होती. देणे आधीपासूनच होते, निकालाने ते फक्त पक्के झाले. म्हणून त्याचा भार त्याच तिमाहीवर टाकावा लागला. एअरटेलने सुमारे २८,४५० कोटींचा बोजा दाखवला आणि तिचा तोटा २३,०४५ कोटींवर गेला. व्होडाफोन आयडियाचा तोटा ५०,९२१ कोटी झाला. भारतीय कंपनीचा तोवरचा तो सर्वांत मोठा तिमाही तोटा होता.

यातली मर्यादा अशी, की शक्यता किती हे आधी व्यवस्थापन ठरवते. ते वकिलांचे मत घेते, लेखापरीक्षक तपासतात. पण शेवटी तो अंदाजच असतो.

म्हणून वार्षिक अहवाल हातात आला, की ‘कंपनीने देणे म्हणून मान्य न केलेले दावे’ ही टीप शोधावी. तिथली रक्कम कंपनीच्या निव्वळ मालमत्तेशी ताडून पाहावी आणि मागच्या दोन-तीन वर्षांत ती कशी वाढली तेही बघावे. त्या खटल्यात खालच्या न्यायालयात कंपनी हरली असेल आणि तरीही दावा टिपेतच असेल, तर अपिलात जिंकण्याची खात्री कशाच्या जोरावर आहे, हे अहवालात वाचायला मिळते का ते पाहावे. तिथे एका ओळीचे मोघम आश्वासन असेल, तर वार्षिक सभेत विचारायचा प्रश्न तयार आहे.