जागं कोण ठेवतं?

डोळे मिटले, आवाज थांबले की झोप येते. मग बाहेरून येणाऱ्या संवेदनाच आपल्याला जागं ठेवत असणार, असं १९४० च्या दशकापर्यंत मेंदूचे अभ्यासकही मानत होते. १९४९ साली मोरुझ्झी आणि मगून या दोघांनी अमेरिकेत मांजरांवर केलेल्या प्रयोगाने ही समजूत हलली. मांजरं हलक्या भुलीत होती आणि त्यांच्या ईईजीवर झोपेसारख्या मोठ्या, संथ लहरी उमटत होत्या. मेंदूच्या बुंध्याच्या गाभ्यात चेतापेशींचं दाट जाळं असतं. तिथे विजेचा बारीक झटका देताच संथ लहरी मोडल्या आणि जागेपणीच्या बारीक, वेगवान लहरी सुरू झाल्या. पुढे असंही दिसलं, की संवेदना नेणाऱ्या वाटा तोडल्या तरी मांजर जागं राहतं. पण त्या वाटा शाबूत ठेवून हे जाळं निकामी केलं, तर ते बेशुद्ध पडतं. जाळ्यातून वर मेंदूकडे जाणाऱ्या या यंत्रणेला रेटिक्युलर ॲक्टिव्हेटिंग सिस्टिम म्हणतात.

तिचा परिणाम माणसाच्या ईईजीवर पाहता येतो. डोळे उघडे ठेवून कोणी मनात हिशेब करत असेल, तर सेकंदाला १३ पेक्षा जास्त वेळा उमटणाऱ्या बारीक बीटा लहरी दिसतात. त्याने डोळे मिटून अंग सैल सोडलं, की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ या गतीच्या ठळक अल्फा लहरी येतात. पेंग येऊ लागली, की अल्फा तुटक होते, मिटल्या पापण्यांआड बुबुळं हळूहळू फिरू लागतात आणि सेकंदाला ४ ते ७ गतीच्या थीटा लहरी वर येतात.

मला सर्वांत बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. नुसत्या डोळे मिटून पडलेल्या माणसाला हाक मारली, की अल्फा दबते. पेंगणाऱ्याला तीच हाक मारली, तर हरवलेली अल्फा परत येते. हाक एकच, परिणाम उलटे. पण दोघंही जागेपणाची एकेक पायरी वर चढलेले असतात. म्हणून ईईजी काढणारे तंत्रज्ञ मधूनच डोळे उघडायला सांगतात, हाक मारतात आणि ती वेळ नोंदवून ठेवतात. रुग्ण तेव्हा जागा होता की पेंगत होता, हे कळलं नाही, तर पेंगेतल्या साध्या थीटा लहरी एखाद्याला आजाराच्या वाटू शकतात.

मात्र लहरींच्या गतीवरून शुद्ध ओळखता येत नाही. हृदय बंद पडून मेंदूला बराच वेळ प्राणवायू न मिळालेल्या किंवा मेंदूच्या बुंध्याला मोठी इजा झालेल्या काही बेशुद्ध रुग्णांच्या ईईजीवरही अल्फाच्याच गतीच्या लहरी दिसतात. प्राणवायूअभावी उमटणाऱ्या लहरी बहुधा डोक्याच्या मागेच न राहता पुढेही पसरलेल्या असतात, आणि हाक मारली, पापण्या उघडल्या, चिमटा काढला, तरी सहसा बदलत नाहीत. अशा रुग्णाच्या ईईजीत डॉक्टर म्हणूनच गतीइतकंच हेही पाहतात, की लहर हाकेला ओ देते की नाही.